अनामत आणि दलाली: जोरात पळवली की बॅटरी इतकी का तापते?

उन्हाळा लागला की इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम कानावर येतात. एकीकडे 'तासाभरात फुल चार्ज'च्या जाहिराती, आणि दुसरीकडे स्कूटर पेटल्याच्या बातम्या. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात काही ठिकाणी स्कूटर जळाल्या, सरकारी चौकशी झाली, बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. तेव्हापासून बॅटरी जरा कोमट लागली तरी लोक दचकतात.

आग हा या लेखाचा विषय नाही. रोजच्या वापरात, सगळं ठीक चाललेलं असतानाही सेल तापतो, त्या साध्या तापण्याबद्दल बोलायचं आहे. त्यात एक कोडं आहे. सपाट रस्त्यावर तासभर स्कूटर चालवली तर बॅटरी जेमतेम कोमट होते. तीच स्कूटर डबलसीट घाटात घातली की काही मिनिटांत तापमानाचा आकडा चढायला लागतो आणि कधीकधी गाडी स्वतःहून ताकद कमी करते. काम तिप्पट झालं असेल, पण तापणं तिपटीने वाढलेलं दिसत नाही. त्याहून कितीतरी जास्त वाढतं. असं का?

## विश्रांतीचं व्होल्टेज आणि कामाचं व्होल्टेज

स्कूटरच्या बॅटरीत शंभर-दोनशे छोटे सेल असतात. आपण त्यातला एक हातात घेऊ: २१ मिलिमीटर व्यासाचा, ७० मिलिमीटर उंचीचा, साधारण ७० ग्रॅम वजनाचा दंडगोल. क्षमता ५ अँपिअर-तास. म्हणजे ५ अँपिअर करंट घेतला तर तो तासभर पुरेल.

आत एका बाजूला ग्राफाइट आहे आणि दुसऱ्या बाजूला निकेल, मँगनीज, कोबाल्ट यांचं ऑक्साइड. मध्ये सच्छिद्र पडदा आणि त्यात मुरलेला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट. सेल वापरात असताना लिथियमचे आयन ग्राफाइटमधून निघून द्रवातून पलीकडच्या ऑक्साइडमध्ये जाऊन बसतात, आणि त्यांचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून मोटर फिरवत तिथेच पोचतात. चार्ज करताना हाच प्रवास उलटा.

सेल अर्धा भरलेला आहे, दोन-तीन तास नुसता पडून आहे, आणि मल्टिमीटर ३.७० व्होल्ट दाखवतो असं समजा. हे त्याचं विश्रांतीचं व्होल्टेज. आता त्यातून ५ अँपिअर ओढायला लागा. मीटर खाली येतो आणि काही मिनिटांत ३.५५ च्या आसपास रेंगाळतो. हे कामाचं व्होल्टेज. मधले ०.१५ व्होल्ट गेले कुठे? ते उष्णता झाले. दर सेकंदाला किती, तर ०.१५ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर, म्हणजे ०.७५ वॅट.

चार्ज करताना हे अंतर दुसऱ्या बाजूला पडतं. ३.७० च्या सेलमध्ये ५ अँपिअर ढकलायला चार्जरला साधारण ३.८५ व्होल्ट लावावे लागतात. पुन्हा ०.१५ व्होल्ट जास्तीचे, पुन्हा ०.७५ वॅट उष्णता. दिशा बदलली म्हणून ही उष्णता उलटत नाही. म्हणून तिचं नाव न उलटणारी उष्णता. इंग्रजी पुस्तकांत तिलाच इर्रिव्हर्सिबल हीट म्हणतात.

पण एवढाच हिशेब धरून प्रयोगशाळेत सेलची उष्णता मोजली तर आकडे जुळत नाहीत. सेल कधी हिशेबापेक्षा जास्त तापतो, कधी कमी. अगदी हळू चार्ज करताना तर तो काही टप्प्यांत किंचित गारही होतो.

## दुसरी उष्णता, जी परत मिळते

भाड्याने घर घेताना दोन रकमा मोजाव्या लागतात. अनामत आणि दलाली. घर सोडताना अनामत परत मिळते. दलाली गेली ती गेली, आणि पुढच्या घरासाठी पुन्हा द्यावी लागते. सेलमध्येही नेमके हेच दोन प्रकार आहेत. ०.१५ व्होल्टची ती उष्णता ही दलाली, जाताना द्या आणि येतानाही द्या. दुसरी उष्णता अनामतीसारखी: लिथियम एका दिशेने जाताना बाहेर पडते, आणि तेच लिथियम त्याच वाटेने परत आणलं की तितकीच उष्णता सेल आजूबाजूने पुन्हा शोषून घेतो. ही उलटणारी, म्हणजे रिव्हर्सिबल उष्णता.

ती येते कुठून? लिथियमच्या मांडणीतून. ग्राफाइटच्या थरांमध्ये लिथियम कसंही जाऊन बसत नाही. अमुक इतका भरला की ते नीटनेटक्या रचनेत येतं: दर बारा कार्बनमागे एक लिथियम, मग पूर्ण भरल्यावर दर सहा कार्बनमागे एक. या ठरीव टप्प्यांच्या अधेमधे मांडणी विस्कळीत असते. मांडणी किती विस्कळीत आहे याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. सेल चालताना एका ध्रुवातली मांडणी बदलते, दुसऱ्यातलीही बदलते, आणि दोन्ही मिळून एन्ट्रॉपी घटली तर त्या घटीइतकी उष्णता बाहेर पडावीच लागते. वाढली तर तेवढी आत घ्यावी लागते. सेल कितीही हळू चालवा, कितीही उत्तम बनवा, हा व्यवहार टळत नाही. रासायनिक क्रियेतल्या सगळ्या ऊर्जेची वीज होत नाही, किंवा काही वेळा क्रियेतल्या ऊर्जेपेक्षा वीजच थोडी जास्त मिळते, आणि तो फरक सेल भोवतालाशी उष्णतेच्या रूपात मिटवतो.

हा फरक मोजायची युक्ती मला फार आवडते, कारण त्यासाठी उष्णता मोजावीच लागत नाही. सेल एका ठरावीक चार्जवर आणून सोडून द्यायचा, आणि तापमान बदलून त्याचं विश्रांतीचं व्होल्टेज किती सरकतं एवढंच पाहायचं. समजा दर अंशाला ते ०.१ मिलिव्होल्टने उतरतं. आता याला केल्व्हिनमधल्या तापमानाने गुणा. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्व्हिन, त्यामुळे उत्तर ३० मिलिव्होल्ट. अर्थ असा की सेलमधून वाहणाऱ्या दर अँपिअरमागे ०.०३ वॅट उलटणारी उष्णता. तापमानाबरोबर व्होल्टेज उतरत असेल तर ही उष्णता वापरताना बाहेर येते आणि चार्ज करताना शोषली जाते. व्होल्टेज चढत असेल तर याच्या उलट.

युक्ती सोपी आहे, मोजणी मात्र चिकाटीची. दहा अंशांचा फरक केला तरी व्होल्टेज एका मिलिव्होल्टनेच हलणार, आणि दर वेळी सेल आतपर्यंत एकसारख्या तापमानाला येऊन स्थिर व्हायला तास जातात. घाई केली तर सेलचं व्होल्टेज आधीच्या चार्जिंगमुळे अजून सरकत असतं, आणि ते सरकणं आपण एन्ट्रॉपीच्या नावावर मांडून बसतो.

शिवाय हा ०.१ चा आकडा सेलच्या संपूर्ण प्रवासात एकच राहत नाही. चार्ज किती आहे त्यानुसार तो बदलतो, आणि एकाच सेलमध्ये त्याचं चिन्हही पालटतं: काही टप्प्यांत वजा, काहींत अधिक. मी इथे सोयीसाठी एक गोल आकडा धरून चाललो आहे.

## दोन्ही एकत्र मांडल्या की

हा पूर्ण हिशेब बॅटरीवाले एका सूत्रात लिहितात. ते १९८५ साली बर्नार्डी, पावलिकोव्स्की आणि बर्कलीचे जॉन न्यूमन यांनी मांडलं, आणि आजही सेल गरम किती होईल याचा अंदाज बांधायची सुरुवात तिथूनच होते:

```
Q = I(U − V) − I·T·(dU/dT)
```

यात Q म्हणजे दर सेकंदाला निघणारी उष्णता, I करंट (सेल वापरात असताना अधिक, चार्ज होताना वजा), U विश्रांतीचं व्होल्टेज, V कामाचं व्होल्टेज, T केल्व्हिनमधलं तापमान. पहिलं पद दलालीचं, दुसरं अनामतीचं. शेवटचं dU/dT म्हणजे तापमानाच्या दर अंशाला U किती हलतं, तोच आपला वजा ०.१ मिलिव्होल्ट. सूत्र विसरलात तरी चालेल. पुढे फक्त एक गोष्ट लागणार आहे. दुसऱ्या पदात करंट एकदाच येतो. पहिल्या पदात तो वरवर एकदा दिसतो, पण दुसऱ्यांदा U आणि V मधल्या अंतरात लपलेला आहे, कारण करंट वाढला की ते अंतरही वाढतं.

आपल्या सेलमध्ये ५ अँपिअरला ०.१५ व्होल्ट अंतर पडलं, म्हणजे त्याचा आतला रोध ०.०३ ओहम, बोलीत तीस मिलिओहम. १ अँपिअरला अंतर पडेल फक्त ०.०३ व्होल्ट, म्हणून न उलटणारी उष्णता ०.०३ वॅट. आणि उलटणारी? तीही ०.०३ वॅट! १ अँपिअरला दोघी बरोबरीत. सेल वापरताना त्या एकमेकींत मिळून ०.०६ वॅट होतात. चार्ज करताना एक देते, दुसरी घेते, आणि बेरीज शून्यावर येते. त्याहूनही हळू चार्ज केला, किंवा व्होल्टेज तापमानाला जास्त दाद देतं अशा टप्प्यात केला, तर शोषण वरचढ ठरतं आणि सेल भोवतालापेक्षा किंचित गार होतो. यात गौडबंगाल काही नाही. अनामत परत मिळते आहे, आणि दलाली त्या घडीला तिच्याहून कमी आहे.

आता ५ अँपिअर. उलटणारी उष्णता पाचपट, म्हणजे ०.१५ वॅट. न उलटणारी पंचवीसपट, ०.७५ वॅट. १० अँपिअरला उलटणारी ०.३ वॅट, न उलटणारी ३ वॅट. दोघींची बरोबरी कुठल्याकुठे मागे राहिली. जास्त करंटला सेल चार्ज होतो आहे की रिकामा, याने तापण्यात फारसा फरक पडेनासा होतो, कारण अनामत आता एकूण व्यवहाराचा किरकोळ भाग आहे.

कोड्याचं उत्तर खरं तर इथेच आहे. दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' शिकताना H = I²Rt घोकलेलं असतं, तोच वर्ग. दलालाने व्यवहार मोठा झाला म्हणून दलालीचा टक्काही तितकाच वाढवावा, असा हा प्रकार आहे: व्यवहार दुप्पट, टक्का दुप्पट, दलाली चौपट.

## रोध म्हणजे नुसती तार नव्हे

तीस मिलिओहम म्हटलं की डोळ्यांसमोर धातूची तार येते. सेलमध्ये धातूचे पत्रे आणि जोड आहेतच, पण मोठा भाग तिथे नाही. सेलवर अचानक ५ अँपिअरचा भार टाकून व्होल्टेज नीट पाहिलं तर तो उलगडतो.

भार टाकताच, डोळ्याची पापणी लवायच्या आत, व्होल्टेज ३.७० वरून ३.६० ला पडतं. हे वीस मिलिओहम झाले. यात धातूचा रोध आहे, द्रवातून आयनांना वाट काढायला पडणारा रोध आहे, आणि द्रवातून घन कणाच्या आत शिरताना पृष्ठभागावर होणारी अडवणूकही बरीचशी आहे. पण व्होल्टेज तिथे थांबत नाही. पुढची काही मिनिटं ते सावकाश घसरत ३.५५ पर्यंत येतं. हे उरलेले दहा मिलिओहम म्हणजे साचण्याचा आणि ओसरण्याचा परिणाम. एका ध्रुवाजवळच्या द्रवात लिथियम गोळा होतं, दुसऱ्याजवळ कमी पडतं. ऑक्साइडच्या कणांची साल लवकर भरते आणि गाभा मागे राहतो. विश्रांतीला सोडल्यावर ही असमानता हळूहळू मिटते, म्हणूनच भार काढला तरी व्होल्टेज एकदम ३.७० ला परतत नाही.

हे सांगायचं एक व्यावहारिक कारण आहे. सेलच्या माहितीपत्रकावर जो रोध छापलेला असतो तो बहुधा १ किलोहर्ट्झच्या उलटसुलट करंटवर मोजलेला असतो, आणि बाजारात मिळणारे छोटे रोधमापकही तेच मोजतात. सेकंदात हजार वेळा पुढे-मागे होणाऱ्या करंटला काही साचवायला सवडच मिळत नाही. त्यामुळे तो आकडा वीस किंवा त्याहूनही कमी येतो. घरी पॅक बांधणारी हौशी मंडळी तोच धरून उष्णतेचा हिशेब करतात आणि मग पॅक हिशेबाच्या दीडपट तापतो. खरा आकडा हवा असेल तर आपण वापरणार तितका करंट काही मिनिटं ओढून, विश्रांतीच्या व्होल्टेजपासूनचं अंतर मोजावं.

वर्गाचा नियम तंतोतंत लागू होतो असंही नाही. पृष्ठभागावरची अडवणूक करंट वाढला की प्रमाणापेक्षा थोडी कमीच वाढते. साचण्याचा भाग मात्र एका मर्यादेनंतर प्रमाणाबाहेर जातो: करंट इतका जास्त की द्रवातलं लिथियम एका टोकाला जवळपास संपतं, आणि व्होल्टेज कोसळायला लागतं. आपल्यासारख्या, ताकदीपेक्षा साठवणुकीसाठी बनवलेल्या सेलमध्ये ती वेळ लवकर येते, कारण त्याचे थर जाड असतात. तिथे उष्णता वर्गापेक्षाही जोरात चढते.

## घाटातली स्कूटर

आता पूर्ण बॅटरी घेऊ. आपल्या सेलसारखे १२ सेल शेजारी-शेजारी जोडून एक गट, आणि असे १४ गट एकापुढे एक. एकूण १६८ सेल, ५० व्होल्टच्या आसपास, साठवण ३ युनिट. आजच्या बऱ्याच स्कूटर याच मापाच्या आहेत.

सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाला बॅटरीतून साधारण १ किलोवॅट लागतो असं धरू. म्हणजे वीस अँपिअर, बारा सेलांत वाटून प्रत्येकी १.६५. एका सेलची न उलटणारी उष्णता ०.०८ वॅट, आणि सगळ्या पॅकची मिळून १४ वॅट. एखाद्या छोट्या एलईडी बल्बइतकी. तासभरातही काही जाणवणार नाही.

मग घाट. गाडी, दोन माणसं आणि पिशव्या मिळून २५० किलो. शंभर मीटरला सात मीटर चढ, वेग ताशी ३६ किलोमीटर. नुसतं वजन वर चढवायला १७०० वॅट, त्यात वारा आणि टायरचे आठशे, मोटर-कंट्रोलरमधली गळती धरून बॅटरीवर ३ किलोवॅट. साठ अँपिअर, म्हणजे प्रत्येक सेलला ५. करंट तिप्पट झाला, उष्णता नऊपट: पॅकमध्ये १२६ वॅट. हाच तो फरक जो चालवणाऱ्याला कळत नाही पण बॅटरीला कळतो.

या १२६ वॅटने तापमान किती चढेल? एक सेल एक अंश तापायला साधारण ६५ ज्यूल लागतात, तर १६८ सेलांना ११ हजार. बंद डब्यातून उष्णता बाहेर जायला वेळ लागतो, म्हणून तूर्त सगळी आतच राहते असं धरू. मिनिटाला पाऊण अंशाच्या जरा आत. दहा मिनिटांच्या घाटात सात अंश. मे महिन्यात उन्हात उभी असलेली, ४० अंशांवरून निघालेली बॅटरी माथ्यावर ४७ ला पोचेल. घाबरण्यासारखं काही नाही. वापरताना असे सेल सहसा ६० अंशांपर्यंत चालतात.

अडचण माथ्यावर सुरू होते. चार्ज करताना तापमानाची मर्यादा जास्त कडक असते, बहुतेक माहितीपत्रकांवर ती ४५ अंश लिहिलेली सापडते. त्यामुळे घाट चढून आल्या आल्या चार्जरला लावलं आणि चार्जिंग सुरूच झालं नाही, तर ती बहुधा बिघाडाची खूण नाही. आतलं नियंत्रण सर्किट वाट पाहतं आहे.

आणि जलद चार्जिंग? ३ किलोवॅटने तासाभरात भरायचं म्हटलं तर प्रत्येक सेलला पुन्हा ५ अँपिअर, पुन्हा १२६ वॅट. पण घाट दहा मिनिटांचा होता, हे तासभर चालणार. सगळी उष्णता आत राहिली तर वाढ ४१ अंश. निम्मी बाहेर गेली असं मानलं तरी वीस. ३५ अंशांच्या गॅरेजमध्ये उभ्या बॅटरीला हेही झेपणारं नाही. म्हणून खरे जलद चार्जर सुरुवातीला जोर लावून मग करंट उतरवतात, नाहीतर बॅटरीत थंड करायची सोय असते, किंवा मुळातच कमी रोधाचे सेल निवडलेले असतात. जाहिरातीत 'ऐंशी टक्क्यांपर्यंत' का लिहितात त्याचं एक कारण यात आहे.

## 'करंट दुप्पट केला तर वेळ निम्मा लागतो. मग हिशेब सारखाच नाही का?'

हा प्रश्न रास्त आहे. पूर्ण सेल रिकामा करायचा तर उष्णतेचा वेग चौपट होतो आणि वेळ निम्मा, म्हणून एकूण उष्णता दुप्पटच भरते. पण सेलचं तापमान निघणाऱ्या एकूण उष्णतेवर एकटं ठरत नाही. बाहेर किती गेली तेही बघावं लागतं.

आपला एकटा सेल उघड्यावर, वारा नसलेल्या खोलीत ठेवला तर भोवतालापेक्षा एक अंश जास्त तापल्यावर तो साधारण ०.०५ वॅट बाहेर टाकतो. करंट वाढला म्हणून हा आकडा वाढत नाही. सेलचा पृष्ठभाग तेवढाच आहे. ५ अँपिअरने तासाभरात रिकामा केला तर तो सुमारे तेरा-चौदा अंश तापतो, कारण वाटेत बरीच उष्णता निसटून जाते. १० अँपिअरने अर्ध्या तासात केला तर हिशेब चाळिशी ओलांडतो. एकूण उष्णता दुप्पट, तापमानाची वाढ तिप्पट. निर्मिती वर्गाने धावते आणि निचरा आपल्याच चालीने जातो, त्यामुळे निचऱ्याला गाठायला सवडच उरत नाही.

## 'तापल्यावर रोध कमी होतो म्हणे?'

होतो. धातूच्या तारेच्या अगदी उलट, सेल तापला की त्याच्यातले आयन सुटे फिरतात, पृष्ठभागावरची अडवणूक कमी होते आणि रोध उतरतो. वरचा चाळीस अंशांचा हिशेब म्हणूनच थोडा चढा आहे. प्रत्यक्षात वाढ जरा कमी भरेल. या अर्थाने साधं तापणं स्वतःला थोडा लगाम घालतं.

यावरून 'गरम सेल बरा' असा निष्कर्ष मात्र काढू नये. साधारण ८० ते १०० अंशांच्या पट्ट्यात ग्राफाइटवरचा संरक्षक थर विघटित व्हायला लागतो, आणि तिथून निघणारी उष्णता ही या लेखातल्या दोन्हींपैकी कुठलीच नाही. तिला करंट लागतच नाही. स्विच बंद केला तरी ती थांबत नाही. आगीची गोष्ट तिथे सुरू होते, आणि ती वेगळी आहे. त्याच्या बरंच खाली, ४५-५० अंशांवर सेल रोज ठेवला तरी तो लवकर म्हातारा होतो, आणि म्हाताऱ्या सेलचा रोध वाढतो. तीस मिलिओहमचे पंचेचाळीस झाले की त्याच घाटात, त्याच वेगाला उष्णता दीडपट: १२६ च्या जागी १८९ वॅट. दोन-तीन वर्षांनी 'आता घाटात लवकर तापते' अशी तक्रार येते तेव्हा चढ बदललेला नसतो.

गटातला एखादा जोड सुटला तरी असंच होतं. बारांपैकी एक सेल बाहेर पडला की उरलेल्या अकरांवर नऊ टक्के जास्त करंट येतो, आणि त्यातल्या प्रत्येक सेलची उष्णता एकोणीस टक्क्यांनी वाढते. बाकी तेरा गट नेहमीसारखेच, म्हणून पॅकचं एकूण व्होल्टेज पाहून हे लक्षात येत नाही. भार असताना तो एक गट इतरांपेक्षा जास्त खाली वाकतो, चार्ज करताना सगळ्यांच्या आधी भरतो. सर्व्हिस सेंटरमध्ये गटवार व्होल्टेज दाखवा म्हटलं तर ते दिसतं.

## 'मग उलटणाऱ्या उष्णतेची फिकीर कशाला?'

घाटात आणि जलद चार्जिंगमध्ये तिला फार भाव द्यायचं कारण नाही. ५ अँपिअरला पॅकमध्ये ती २५ वॅट आहे, १२६ पुढे दुय्यम. शिवाय पूर्ण चार्जिंगमध्ये तिचं चिन्ह पालटत जातं, त्यामुळे बराचसा भाग आपापसात फिटतो.

पण हळू व्यवहारात तिचंच राज्य चालतं. रात्री घरी ७५० वॅटच्या चार्जरवर स्कूटर लावली की प्रत्येक सेलला सव्वा अँपिअर मिळतो. न उलटणारी उष्णता सगळ्या पॅकची आठ वॅट, उलटणारी सव्वासहा वॅट. एका टप्प्यात त्या एकमेकींना खोडतात आणि उरतात जेमतेम दीड-दोन वॅट. दुसऱ्या टप्प्यात मिळून चौदा होतात. करंट अजिबात न बदलता उष्णता आठपट हलली. बॅटरीच्या तापमानाचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त I²R घातलेला असेल तर या मंद चार्जिंगमध्ये ते चुकत राहतं, आणि कुठला सेल खरोखर बिघडला म्हणून तापतो आहे ते ओळखायला कच्चं पडतं.

दोन्ही उष्णता वेगळ्या काढायची एक सरळ रीतही यातूनच निघते. कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या पेटीत सेल ठेवायचा. एकाच चार्जच्या पातळीवर, एकाच करंटने एकदा वापरायचा आणि एकदा चार्ज करायचा. दोन आकड्यांची सरासरी म्हणजे न उलटणारी. त्यांच्यातल्या फरकाचं निम्मं म्हणजे उलटणारी. आपल्या सेलला १ अँपिअरवर वापरताना ०.०६ आणि चार्ज करताना शून्य मिळालं होतं. सरासरी ०.०३, फरकाचं निम्मं ०.०३. जमलं.

## 'घरी चार्ज करताना तर हाताला चटका बसतो!'

तो बहुधा चार्जरच्या डब्याचा. भिंतीतली वीज बॅटरीजोगी करताना चार्जर दहा टक्के जरी गमावत असेल तरी ७५० वॅटमागे ती उष्णता ऐंशी वॅटच्या आसपास जाते, आणि ती सगळी एका छोट्या डब्यातून बाहेर पडते. त्याच वेळी ११-१२ किलो सेलांच्या अख्ख्या बॅटरीत जास्तीत जास्त चौदा वॅट निघत असतात. चार्जर गरम लागला म्हणून बॅटरी तापली असं समजायचं कारण नाही, आणि तो गार आहे म्हणून बॅटरी गार आहे असंही नाही. बॅटरीचं तापमान बघायचं तर अ‍ॅपमध्ये किंवा डॅशबोर्डवर तिच्या आतल्या सेन्सरचा आकडा पाहावा, तोही भार चालू असताना.